एक टन उसामागे किती वीज? बगॅस, वाफ आणि टर्बाइनची कार्यक्षमता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साखर कारखान्यातील सहवीजनिर्मितीबद्दल, म्हणजे रस काढल्यावर उरणारा उसाचा चोथा, अर्थात बगॅस, जाळून वाफ आणि वीज तयार करण्याबद्दल, जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. सर्व आकडेमोड एकाच उदाहरणावर बेतलेली आहे. ते उदाहरण ८७ बार दाबाच्या आणि ५१५ अंश सेल्सिअस तापमानाच्या वाफेवर चालणाऱ्या कारखान्याचे असून ते प्रश्न ५ मध्ये पूर्ण सोडवून दाखवले आहे. दाब सर्वत्र निरपेक्ष मानला आहे आणि एक युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास.

१. थेट आकडा सांगा. एक टन ऊस गाळला की किती युनिट वीज तयार होते?

जुन्या पद्धतीच्या, २१ बार दाबावर आणि केवळ बॅकप्रेशर टर्बाइनवर, म्हणजे सगळी वाफ पुढे साखरेच्या प्रक्रियेला देणाऱ्या टर्बाइनवर, चालणाऱ्या कारखान्यात टनामागे साधारण ३५ ते ४० युनिट तयार होतात. ८७ बारच्या बॉयलरला एक्स्ट्रॅक्शन-कंडेन्सिंग टर्बाइन, म्हणजे काही वाफ मधूनच प्रक्रियेला देऊन उरलेली कंडेन्सरपर्यंत नेणारे टर्बाइन, जोडलेले असेल, तर तोच ऊस १२० ते १३५ युनिट देतो. दोन्ही ठिकाणी उसातून निघणारे बगॅस सारखेच असते. फरक पडतो तो वाफेचा दाब आणि तापमान, टर्बाइनची कार्यक्षमता आणि साखर बनवायला लागणारी वाफ यांमुळे. म्हणून या गोष्टी न सांगता कोणी नुसता 'टनाला इतके युनिट' असा आकडा दिला, तर त्यावरून कारखाना चांगला की वाईट हे ठरवता येत नाही.

२. टनभर उसातून बगॅस किती निघते आणि त्यात उष्णता किती असते?

बगॅसचे प्रमाण उसातील तंतूंवर, म्हणजे फायबरवर, ठरते. शेवटच्या मिलमधून बाहेर पडणाऱ्या बगॅसमध्ये साधारण ५० टक्के पाणी, ४८ टक्के फायबर आणि उरलेले २ टक्के विरघळलेले घटक असतात. उसात १४ टक्के फायबर असेल, तर १४ भागिले ०.४८ या हिशेबाने उसाच्या सुमारे २९ टक्के, म्हणजे टनामागे २९० किलो बगॅस मिळते.

अशा ओल्या बगॅसचे स्थूल ज्वलनमूल्य किलोमागे सुमारे ९,३५० किलोज्यूल असते आणि निव्वळ ज्वलनमूल्य ७,४८० किलोज्यूलच्या आसपास. या दोहोंतील अंतर म्हणजे बगॅसमधले पाणी आणि हायड्रोजनच्या ज्वलनातून तयार होणारे पाणी यांची वाफ होऊन चिमणीवाटे निघून जाणारी उष्णता. बॉयलरची कार्यक्षमता स्थूल मूल्यावर काढली, तर ती ७० टक्क्यांच्या आसपास दिसते, निव्वळ मूल्यावर काढली तर ८८ टक्क्यांच्या आसपास. बॉयलर तोच असतो. दोन कारखान्यांची तुलना करताना दोघांनी एकच आधार घेतला आहे का, हे आधी विचारावे. बरेच वाद तेवढ्यानेच मिटतात.

३. एक किलो बगॅसपासून किती वाफ मिळते?

८७ बार आणि ५१५ अंशांच्या एक किलो वाफेत ३,४२८ किलोज्यूल एन्थाल्पी, म्हणजे एकूण उष्णताऊर्जा, असते. बॉयलरमध्ये शिरणारे पाणी १०५ अंशांवर असेल, तर त्यात आधीच सुमारे ४४७ किलोज्यूल असतात. म्हणजे बॉयलरला किलोमागे सुमारे २,९८० किलोज्यूल द्यावे लागतात. एक किलो बगॅसमधील ९,३५० किलोज्यूलपैकी ७१ टक्के, म्हणजे सुमारे ६,६४०, उपयोगी पडले, तर भागाकार २.२३ येतो. ब्लोडाउन, म्हणजे बॉयलरमधून क्षारांसह काढून टाकावे लागणारे पाणी, वजा करून २.२ किलो वाफ धरणे योग्य आहे.

४. टर्बाइनची कार्यक्षमता म्हणजे नेमके काय? काही ठिकाणी ८५ टक्के लिहिलेले असते, तर काही ठिकाणी २० टक्के.

हे दोन्ही आकडे खरे असू शकतात, कारण ते दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. २० टक्के हा बगॅसमधील एकूण उष्णतेपैकी विजेत उतरलेला वाटा आहे. ८५ टक्के ही टर्बाइनची आयसेन्ट्रॉपिक कार्यक्षमता आहे. ठरावीक दाब-तापमानाची वाफ ठरावीक दाबापर्यंत कोणताही तोटा न होता प्रसरण पावली असती, तर तिने जेवढी ऊर्जा दिली असती, तिच्यापैकी प्रत्यक्षात किती टक्के शाफ्टला मिळाली, एवढेच ती सांगते.

आपल्या उदाहरणात वाफ ८७ बारवरून प्रक्रियेला लागणाऱ्या २.५ बारपर्यंत आदर्श रीतीने उतरली, तर किलोमागे ८४१ किलोज्यूल मिळतात. टर्बाइन ८५ टक्के कार्यक्षम असेल, तर त्यातले ७१५ हाती येतात. गिअरबॉक्स आणि जनरेटर यांचा ३.५ टक्के तोटा वजा केला, की ६९० किलोज्यूलची वीज उरते. म्हणजे एक टन वाफ १९२ युनिट देते. एका युनिटला ५.२ किलो वाफ लागते, असेही हे मांडता येईल. कारखान्यात 'स्टीम रेट' म्हणतात तो हाच. वरवर पाहता स्टीम रेट सोपा वाटतो, पण तो दाब-तापमानानुसार बदलतो. म्हणून वेगवेगळ्या दाबांच्या दोन टर्बाइनची तुलना त्यावरून करू नये, कार्यक्षमतेवरून करावी.

५. एका कारखान्याचा पूर्ण हिशेब करून दाखवाल का?

एक टन ऊस घेऊ. प्रश्न २ प्रमाणे २९० किलो बगॅस मिळाले. त्यातले सुमारे १५ किलो गाळणीसाठी लागणाऱ्या बगॅसिलोसाठी, म्हणजे बगॅसच्या बारीक भुशासाठी, आणि गाळप बंद पडल्यावर बॉयलर चालू ठेवण्यासाठी बाजूला ठेवू. उरलेले २७५ किलो जाळले, की २.२ च्या गुणोत्तराने ६०५ किलो वाफ तयार होते.

साखर बनवण्याच्या प्रक्रियेला, बॉयलरच्या पाण्यातील हवा काढणारा डिएरेटर धरून, उसाच्या ४२ टक्के, म्हणजे ४२० किलो वाफ लागते असे मानू. ही वाफ टर्बाइनमधून २.५ बारवर बाहेर काढली जाते आणि टनाला १९२ युनिट या दराने ८०.५ युनिट देते. उरलेली १८५ किलो वाफ शेवटपर्यंत, ०.१० बारच्या कंडेन्सरपर्यंत जाते. या मार्गावर आदर्श उतार १,२९८ किलोज्यूलचा आहे. शेवटच्या टप्प्यांत वाफ ओली होत असल्याने तिथली एकूण कार्यक्षमता थोडी कमी, ८३ टक्के धरली, तर टनाला २८९ युनिट मिळतात. म्हणजे १८५ किलोंचे ५३.५ युनिट. दोन्ही मिळून १३४ युनिट झाले.

यातून कारखान्याच्या मिल, पंप, सेंट्रिफ्यूगल वगैरेंना सुमारे २५ युनिट आणि वीजगृहाच्या स्वतःच्या पंख्यांना, फीड पंपांना व कूलिंग टॉवरला सुमारे १२ युनिट लागतात. म्हणून बाहेर देण्याजोगी वीज ९७ युनिटच्या आसपास उरते.

प्रत्यक्षातला आकडा यापेक्षा थोडा खाली येतो, कारण थोडी वाफ ८ बारच्या आसपासच्या दाबावरच काढून घ्यावी लागते आणि टर्बाइन नेहमी पूर्ण भारावर चालत नाही. परंतु १३४ आणि प्रत्यक्ष आकडा यांत २० युनिटांचे अंतर पडत असेल, तर ते 'प्रत्यक्षात असेच होते' म्हणून सोडून देऊ नये. प्रश्न ७ ते ११ मधील कोणते कारण आहे ते शोधावे.

६. जुन्या आणि नव्या कारखान्यातील फरकात टर्बाइनचा वाटा किती आणि दाबाचा किती?

२१ बार आणि ३४० अंशांची वाफ २.५ बारपर्यंत उतरवली, तर आदर्श उतारच मुळात ४५९ किलोज्यूलचा असतो. जुने टर्बाइन ६० टक्के कार्यक्षम असले आणि विद्युत-यांत्रिक तोटे ५ टक्के असले, तर टनभर वाफ ७३ युनिट देते. तेवढ्याच वाफेवर आधुनिक, ८५ टक्के कार्यक्षमतेचे टर्बाइन बसवले, तर १०४ युनिट मिळतात. ८७ बारवर गेलो की १९२. म्हणजे ७३ ते १९२ या चढापैकी सुमारे ३१ युनिट चांगल्या टर्बाइनमुळे आले आणि ८८ युनिट दाब-तापमानामुळे. जुन्या बॉयलरवर नवे टर्बाइन बसवण्याचा विचार करणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत.

७. टर्बाइनची कार्यक्षमता १० टक्क्यांनी घसरली, तर वीजही १० टक्क्यांनीच कमी होते का?

नाही, थोडी जास्त कमी होते. ८५ वरून ७५ वर येणे म्हणजे ८५ पैकी १० जाणे, म्हणजे सुमारे १२ टक्के. प्रश्न ५ मधील कारखान्यात बॅकप्रेशर भाग ८५ वरून ७५ वर आणि कंडेन्सिंग मार्ग ८३ वरून ७३ वर आला, तर १३४ युनिटांचे ११८ होतात.

पण गेलेली ऊर्जा कुठे जाते, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. बॅकप्रेशर भागात जी ऊर्जा शाफ्टला मिळाली नाही, ती एक्झॉस्ट वाफेतच राहते. वाफ अधिक गरम बाहेर पडते, डिसुपरहीटरमध्ये तिच्यावर थोडे जास्त पाणी मारले जाते आणि त्या पाण्याचीही वाफ होऊन ती प्रक्रियेला मिळते. वरील उदाहरणात ४२० किलोंऐवजी सुमारे ४०४ किलो वाफेत प्रक्रियेचे काम भागते, आणि वाचलेले १६ किलो कंडेन्सरकडे पाठवून एक-दीड युनिट परत मिळते. जुन्या कारखान्यांना सुमार टर्बाइन फारशी का खुपली नाहीत, याचे कारण यात आहे. उष्णता वाया जात नव्हती आणि जास्तीची वीज विकायची नव्हती. कंडेन्सिंग भागातील तोटा मात्र सरळ कूलिंग टॉवरवाटे हवेत जातो, त्यातले काहीही परत येत नाही. म्हणून देखभालीसाठी वेळ थोडा असेल, तर आधी कंडेन्सरच्या बाजूकडे लक्ष द्यावे.

८. आमच्या टर्बाइनची कार्यक्षमता आम्ही स्वतः कशी काढावी?

२.५ बारच्या एक्झॉस्टचे तापमान, डिसुपरहीटरचे पाणी मिसळण्याच्या आधी आणि टर्बाइनच्या तोंडाशी मोजावे. या दाबावर संपृक्त वाफेचे तापमान १२७ अंश असते. आपल्या उदाहरणातील आवक वाफेसाठी एक्झॉस्ट नेमकी कोरडी संपृक्त असेल, तर कार्यक्षमता ८४.५ टक्के येते. त्यावर दर १० अंश जास्त म्हणजे कार्यक्षमता सुमारे अडीच टक्क्यांनी कमी. एक्झॉस्ट १६५ अंशांवर येत असेल, तर टर्बाइन ७५ टक्क्यांच्या आसपास चालले आहे.

यात एक अडचण आहे. तापमापक १२७ दाखवत असेल, तर वाफ कोरडी आहे की ओली हे त्यावरून कळत नाही. कार्यक्षमता ८४.५ असू शकते किंवा ८८ सुद्धा. कंडेन्सरमध्ये वाफ नेहमीच ओली असल्याने तिथे तापमानाची पद्धत लागूच पडत नाही. अशा वेळी उलट बाजूने जावे लागते. जनरेटरची वीज, त्याची कार्यक्षमता आणि प्रत्येक मार्गाने गेलेली वाफ यांवरून किलोमागे मिळालेली ऊर्जा काढावी आणि तिला आदर्श उताराने भागावे. ही पद्धत वाफेच्या मीटरवर विसंबून असते. मीटर २ टक्के चुकले, तर कार्यक्षमताही तितक्याच प्रमाणात चुकते.

एक्झॉस्ट हेडरवरचे तापमान वापरू नये. उच्च दाबाची वाफ थेट खाली उतरवणारा दाबघट व्हॉल्व्ह नीट बसत नसेल, तर त्यातून गळणारी गरम वाफ हेडरमध्ये मिसळते आणि दोष टर्बाइनच्या नावावर लागतो. त्या व्हॉल्व्हमधून गेलेली प्रत्येक टन वाफ १९२ युनिट न देताच प्रक्रियेला पोहोचते, म्हणून तो बंद असताना त्याच्या पुढची पाइप गरम आहे का, हे रोज पाहण्यासारखे आहे.

९. हंगामाच्या सुरुवातीला चांगले चालणारे टर्बाइन दोन महिन्यांत मागे का पडते?

सर्वात सामान्य कारण म्हणजे पात्यांवर बसणारे क्षार आणि सिलिका. साखर कारखान्यात याचा उगम बहुधा कंडेन्सेटमध्ये असतो. बाष्पीकरण संचाची एखादी नळी गळली किंवा रसाचे तुषार वाफेबरोबर गेले, तर साखरेचा अंश बॉयलरच्या पाण्यात येतो. तिथल्या तापमानात साखरेचे विघटन होऊन सेंद्रिय आम्ले तयार होतात, पाण्याचा सामू उतरतो, फेस येतो आणि बॉयलरचे पाणी थेंबांच्या रूपात वाफेबरोबर टर्बाइनपर्यंत जाते. दाब जितका जास्त, तितकी सिलिका वाफेत स्वतःहूनही जास्त विरघळते. म्हणून २१ बारवर चालून गेलेला निष्काळजीपणा ८७ बारवर चालत नाही. कंडेन्सेटमध्ये साखर आहे का, हे अल्फा-नॅफ्थॉलच्या चाचणीने ठरावीक अंतराने पाहावे आणि शंका आल्यास ते पाणी बॉयलरकडे न पाठवता वळवावे.

ओळखण्याची खूण अशी. वाफेचा प्रवाह तितकाच असताना पहिल्या टप्प्यानंतरचा, म्हणजे व्हील चेंबरचा, दाब हळूहळू चढत असेल, तर पुढची पाती थराने अरुंद झाली आहेत. तोच दाब उतरत असेल, तर पात्यांची किंवा सीलची झीज झाल्याचा संशय घ्यावा. पाण्यात विरघळणारे क्षार ओल्या वाफेने धुऊन निघतात. सिलिकाचा थर तसा निघत नाही, त्यासाठी केसिंग उघडावे लागते.

दुसरे कारण व्हॅक्यूमचे. कंडेन्सरचा दाब ०.१० वरून ०.१५ बारवर गेला, तर तिथे जाणाऱ्या टनभर वाफेमागे ११ युनिट आणि आपल्या उदाहरणात टनभर उसामागे २ युनिट कमी होतात. या वेळी टर्बाइन निर्दोष असते. नळ्यांवरचा गाळ किंवा आत शिरणारी हवा शोधावी लागते.

१०. प्रक्रियेची वाफ कमी केल्याने वीज किती वाढते?

प्रक्रियेसाठी लागणारी वाफ उसाच्या एका टक्क्याने, म्हणजे टनामागे १० किलोंनी कमी झाली, तर ती वाफ १९२ ऐवजी २८९ युनिटांच्या दराने वीज देते. ९७ युनिटांचा हा फरक १० किलोंसाठी जवळजवळ एक युनिट होतो. 'एक टक्का वाफ, एक युनिट वीज' हा नियम ८७ बारसाठी लक्षात ठेवायला सोपा आहे. वाफेचा वापर ५० टक्क्यांवरून ४२ टक्क्यांवर आणला, तर सुमारे ८ युनिट वाढतात. मात्र कंडेन्सरमध्ये तेवढी जादा वाफ घेण्याची क्षमता हवी. ती नसेल किंवा टर्बाइन केवळ बॅकप्रेशर असेल, तर प्रक्रियेची वाफ कमी होताच वीजही कमी होते आणि बचत फक्त शिल्लक बगॅसच्या रूपात दिसते.

११. बगॅसची आर्द्रता ५० वरून ४८ टक्के आली. ज्वलनमूल्य साडेपाच टक्क्यांनी वाढले, पण वीज तेवढी का वाढली नाही?

कारण बगॅसचे वजनही घटले. फायबर तेच राहून पाणी कमी झाल्याने टनामागे २९२ किलोंऐवजी २८० किलो बगॅस उरते. किलोमागे निव्वळ ज्वलनमूल्य ७,४८० वरून सुमारे ७,९०० वर गेले, पण किलो कमी झाले. दोन्हींचा गुणाकार केला, तर एकूण निव्वळ उष्णता केवळ १.३ टक्क्यांनी वाढलेली दिसते. तेवढ्याने सुमारे ८ किलो जादा वाफ मिळते आणि ती सगळी कंडेन्सरकडे गेली, तर २ ते अडीच युनिटांची भर पडते. ही भर खरी आहे आणि घेण्यासारखीही आहे. फक्त साडेपाच टक्के वाढीची अपेक्षा धरू नये.

१२. आमची यंत्रणा अगदी तीच आहे, तरी दुसऱ्या कारखान्याला टनामागे २० युनिट जास्त मिळतात. टर्बाइन तपासावे का?

आधी दोन्हीकडचे फायबर विचारा. उसातील फायबर एका टक्क्याने वाढले, तर टनामागे सुमारे २१ किलो बगॅस, म्हणजे ४६ किलो वाफ वाढते. प्रक्रियेची गरज बदललेली नसल्याने ही वाफ पूर्णपणे कंडेन्सरकडे जाते आणि १३ युनिट देते. म्हणजे दीड टक्का फायबरच्या फरकातच वीस युनिट येतात. टर्बाइनची कार्यक्षमता १० टक्क्यांनी बिघडली, तरी १६ युनिटच जातात. अर्थात जास्त फायबरबरोबर बगॅसमध्ये अडकून जाणारी साखरही वाढते, त्यामुळे ही वीज फुकटची नसते. तुलना करायचीच असेल, तर एक टन बगॅसमागे किंवा एक टन फायबरमागे किती युनिट मिळाले ते पाहावे.

१३. मिलची वाफेवरची टर्बाइन काढून विद्युत मोटारी बसवल्या, तेव्हापासून स्ववापर वाढला. हा तोटा नाही का?

कागदावर स्ववापर वाढतो, कारण पूर्वी मिल फिरवणारी ऊर्जा विजेच्या हिशेबात येतच नव्हती. मिलला जोडलेली एकटप्पी छोटी टर्बाइन ४५ टक्क्यांच्या आसपास कार्यक्षम असतात. २१ बारच्या वाफेवर ती एका युनिटएवढ्या कामासाठी १७ किलोंहून जास्त वाफ घेतात. मोठ्या टर्बाइनमध्ये तेच युनिट ५.२ किलो वाफेत तयार होते आणि मोटारीतील तोटा धरला, तरी सहा किलोंच्या आत भागते. म्हणून बदल करण्याआधीच्या आणि नंतरच्या स्थितीची तुलना स्ववापरावरून न करता बाहेर दिलेल्या युनिटांवरून करावी.

१४. मग ८७ बारऐवजी ११० बारवर जावे का?

११० बार आणि ५४० अंशांवर तोच हिशेब केला, तर १३४ ऐवजी १३९ ते १४० युनिट येतात, आणि त्यातला काही भाग फीड पंपाला जास्त लागतो. २१ वरून ८७ वर जाण्याच्या मानाने ही वाढ लहान आहे. पाण्याच्या शुद्धतेबाबत मात्र ११० बारचा संच ८७ बारहूनही कमी सवलत देतो. प्रश्न ९ मधली कंडेन्सेटची शिस्त ज्या कारखान्यात आधीच पक्की आहे, त्याच कारखान्याने ११० बारचा विचार करावा, असे माझे मत आहे.

१५. वाचवून ठेवलेले बगॅस गाळप बंद असताना जाळले, तर टनामागे किती वीज?

येथे टन म्हणजे बगॅसचा टन. एक टन बगॅस २,२०० किलो वाफ देते. प्रक्रिया बंद असल्याने डिएरेटरला लागणारा सुमारे एक-नवमांश भाग सोडून ती सर्व कंडेन्सरपर्यंत जाते, आणि वर मांडलेल्या कार्यक्षमतांनुसार सुमारे ६०० युनिट तयार होतात. उसाच्या हिशेबात हे मिळवताना एक चूक टाळावी. हंगामात प्रक्रियेची वाफ कमी करून वाचलेले बगॅस हंगामानंतर जाळले, तर त्याचे युनिट एकदाच मोजावेत. प्रश्न १० मधील वाढ आणि ही वाढ दोन्ही लिहिल्या, तर एकच वाफ दोनदा मोजली जाते. शिवाय साठवणीत बगॅस कुजून त्यातले काही इंधन नष्ट होते, म्हणून सहाशेचा आकडा ढिगाच्या मूळ वजनाला लावू नये. प्रत्यक्ष जाळलेल्या बगॅसचे वजन आणि त्या वेळची आर्द्रता मोजूनच तो वापरावा.